लॅम्डा कलन : संख्यांचे संकेतन व बेरीज

लॅम्डा कलन : फलन तयार करणे आणि ते एखाद्या आदानावर प्रयुक्त करणे, या दोनच क्रियांवर आधारलेली चिन्हपद्धती. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलॉन्झो चर्च (१९०३–९५) यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात ती विकसित केली. तीत संख्या नाहीत, बेरजेचे चिन्ह नाही, स्मृतीसाठी जागा नाही. तरीही फितीवर चिन्हे लिहिणाऱ्या व पुसणाऱ्या ट्यूरिंग यंत्राला जे जे गणन करता येते, ते सर्व या पद्धतीत करता येते. हे कसे घडते, याचा उलगडा संख्यांच्या संकेतनापासून होतो.

चर्च यांचा मूळ हेतू गणनाचा नव्हताच. १९३२ व १९३३ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकात त्यांनी जे दोन लेख प्रसिद्ध केले, त्यांत सर्व गणिताला पायाभूत ठरेल अशी तर्कपद्धती मांडण्याचा प्रयत्न होता. १९३५ मध्ये त्यांचेच विद्यार्थी स्टीव्हन क्लीनी (१९०९–९४) व बार्कली रॉसर (१९०७–८९) यांनी ती पद्धती विसंगत असल्याचे, म्हणजे तीत कोणतेही विधान सिद्ध करता येते असे दाखवून दिले. पाया ढासळला, परंतु तर्कविषयक नियम बाजूला काढल्यावर फलनांचा जो भाग उरला, तो निर्दोष होता. लॅम्डा कलन या नावाने आज ओळखला जातो तो हाच भाग.

या कलनातील पदे तीन प्रकारची असतात : x सारखे एखादे चल, λx.M हे पद, म्हणजे x हे आदान घेऊन M देणारे फलन. आणि M N हे पद, म्हणजे M हे फलन N वर प्रयुक्त करणे. M N P असे लिहिल्यास प्रथम M N घ्यावयाचे व त्याचे फल P वर प्रयुक्त करावयाचे, असा संकेत आहे. गणनाचा नियम एकच. (λx.M) N या पदात M मधील प्रत्येक x च्या जागी N लिहावयाचा. यास संक्षेपण म्हणतात. जेथे आणखी संक्षेपण शक्य नाही, ते पदाचे सामान्य रूप. तेच गणनाचे उत्तर होय.

आता संख्या. पाच म्हणजे काय, याचे चर्च यांनी दिलेले उत्तर असे की, एखादी क्रिया पाच वेळा करणे म्हणजे पाच. संख्या ही वस्तू नसून पुनरावृत्ती आहे. क्रियेला f व आरंभीच्या वस्तूला x म्हटल्यास पुढील पदे मिळतात :

```
0 = λf.λx.x
1 = λf.λx.f x
2 = λf.λx.f (f x)
3 = λf.λx.f (f (f x))
```

चर्च यांच्या मूळ मांडणीत शून्य नव्हते. संख्या १ पासून सुरू होत. कारण λx.M लिहिताना M मध्ये x प्रत्यक्ष आलाच पाहिजे, असे त्यांचे बंधन होते आणि शून्याच्या पदात f कोठेच वापरला जात नाही. हे बंधन आज सामान्यतः पाळले जात नाही.

संख्या अशी मानल्यावर बेरीज जवळजवळ आपोआप सुचते. x वर f ही क्रिया n वेळा करावी आणि जे मिळेल त्यावर तीच क्रिया आणखी m वेळा करावी :

```
ADD = λm.λn.λf.λx.m f (n f x)
```

दोन आणि तीन यांची बेरीज करून पाहता येईल. m च्या जागी 2 व n च्या जागी 3 लिहिल्यावर संक्षेपण पुढीलप्रमाणे चालते :

```
ADD 2 3
→ λf.λx.2 f (3 f x)
→ λf.λx.2 f (f (f (f x)))
→ λf.λx.f (f (f (f (f x))))
```

पहिल्या ओळीतून दुसरीत जाताना प्रत्यक्षात दोन, आणि त्यानंतरच्या प्रत्येक टप्प्यातही दोनच संक्षेपणे एकत्र केली आहेत. शेवटच्या ओळीत f पाच वेळा आला आहे. ते ५ चे पद होय. येथे ‘मोजणारा’ कोणी नाही. दोनच्या पदाने तीनच्या फलाभोवती आपले दोन f गुंडाळले, एवढेच घडले.

हे काम यांत्रिक असले, तरी एका ठिकाणी हमखास चूक होते. 2 हे पद 2 वरच प्रयुक्त केल्यास λx.2 (2 x) मिळते. आतील 2 x चे संक्षेपण करताना f च्या जागी x लिहावयाचा आहे. परंतु 2 च्या पदात λx आधीच आहे. डोळे मिटून अक्षर लिहिले, तर λx.x (x x) असे पद तयार होते आणि बाहेरून आलेला x आतल्या λx च्या ताब्यात सापडतो. बरोबर पद मिळविण्यासाठी आतील बद्ध चलाचे नाव आधी बदलावे लागते, मग λy.x (x y) मिळते व अखेरीस उत्तर λx.λy.x (x (x (x y))) म्हणजे ४ येते. (एका संख्येला दुसरीवर प्रयुक्त करणे म्हणजे घातांक काढणे, ही या संकेतनाची एक गंमत आहे, येथे २ चा दुसरा घात निघाला.) चूक झाल्याची खूण अशी की, x स्वतःवरच प्रयुक्त झालेला दिसतो आणि उत्तराला कोणत्याही संख्येचा आकार राहत नाही.

बेरीज, गुणाकार व घातांक सुलभ निघाले, पण एक वजा करणे अडले. पदात f भोवती f वाढविता येतो. असलेला काढून कसा टाकावा? चर्च यांचे मत, हे होणारच नाही, असे जवळजवळ बनले होते. क्लीनी यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, १९३२ च्या सुमारास दंतवैद्याकडे अक्कलदाढा काढून घेत असताना त्यांना युक्ती सुचली. ती आज जोडीच्या रूपाने सांगतात. (०, ०) या जोडीपासून आरंभ करावा आणि प्रत्येक पायरीस (a, b) वरून (b, b+१) ही जोडी करावी. पायऱ्या तीन केल्यास (०, १), (१, २), (२, ३) या जोड्या येतात. पहिला घटक सदैव एकाने मागे राहतो. म्हणजे n मधून एक काढण्यासाठी शून्यापासून n पर्यंत पुन्हा मोजत यावे लागते. युक्ती ओबडधोबड खरी, पण तिच्यामुळे वजाबाकी, तुलना व भागाकार यांची दारे उघडली. क्लीनी यांनी एकामागून एक फलने या पद्धतीत बसवून दाखविली आणि १९३५ मध्ये ती ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध केली. जे जे करून पाहावे ते जमते, या अनुभवातूनच चर्च यांचा धाडसी विचार पुढे आला : नियमानुसार, कल्पकतेची गरज न पडता जे गणन करता येते, ते सर्व लॅम्डा कलनात करता येते.

कुर्ट गोडेल (१९०६–७८) यांना १९३४ मध्ये ही सूचना मुळीच पटली नाही. त्यांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. अनेक फलने बसली म्हणून सर्व बसतील असे ठरत नाही. आणि चिन्हे बदलण्याच्या या खेळाचा माणसाच्या प्रत्यक्ष गणनाशी संबंध काय, हे कोणी स्पष्ट केले नव्हते. चर्च यांनी तरीही १९३६ मध्ये आपली व्याख्या प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे, दिलेल्या पदाला सामान्य रूप आहे की नाही हे ठरविणारी सार्वत्रिक रीती अस्तित्वात नाही, असे सिद्ध केले.

त्याच वर्षी केंब्रिजमध्ये अ‍ॅलन ट्यूरिंग (१९१२–५४) यांनी स्वतंत्रपणे वेगळ्या बाजूने सुरुवात केली होती. कागदपेन्सिल घेऊन हिशेब करणारा माणूस काय करतो, याचे पृथक्करण करून त्यांनी यंत्र कल्पिले : चौकटींत विभागलेली अमर्याद फीत, एका वेळी एकच चौकट पाहणारे शीर्ष आणि मोजक्या अवस्था. चर्च यांचे काम समजल्यावर त्यांनी २८ ऑगस्ट १९३६ ही तारीख असलेले परिशिष्ट जोडून दोन्ही कल्पना समतुल्य असल्याची रूपरेषा दिली. नंतर ते प्रिन्स्टनला गेले व १९३७ मध्ये ‘जर्नल ऑफ सिंबॉलिक लॉजिक’मध्ये त्यांनी सविस्तर सिद्धता प्रसिद्ध केली.

सिद्धतेची एक बाजू सोपी आहे. पद हे चिन्हांची ओळ असल्याने ते फितीवर लिहिता येते. शोधणे, नक्कल करणे व जागा सरकविणे एवढ्यावर संक्षेपण होते आणि हे सर्व यंत्राला साधते. दुसऱ्या बाजूसाठी ट्यूरिंग यांनी पुनरावर्ती फलनांचा मार्ग घेतला. ती लॅम्डा कलनात येतात हे क्लीनी यांनी १९३६ मध्येच दाखविले होते. त्यातील मर्म पुढील उदाहरणावरून कळेल. फितीवर ०, १, ०, १, १, ० अशी चिन्हे असून शीर्ष चौथ्या चौकटीवर आहे, रिकामी चौकट म्हणजे ०, असे समजू. शीर्षाच्या डावीकडील चिन्हे द्विमान पद्धतीने वाचली, तर २ ही संख्या मिळते. उजवीकडील चिन्हे, शीर्षालगतचे चिन्ह एकंस्थानी धरून उलट वाचली, तर १ मिळते. शीर्ष एक घर उजवीकडे सरकले की, डावी संख्या दुप्पट करून तीत पाहिलेले चिन्ह मिळवावयाचे : २ × २ + १ = ५. उजव्या संख्येला २ ने भागून येणारी बाकी १ हे नवे चिन्ह, आणि भागाकार ० ही नवी उजवी संख्या. अशा रीतीने फितीवरील हालचाल म्हणजे बेरीज, दुप्पट व निमपट होय. बेरीज व दुप्पट वर आलेच आहेत. निमपट करणे क्लीनी यांच्या जोडीसारख्याच युक्तीने साधते.

राहिला प्रश्न यंत्र थांबेपर्यंत हेच पुन:पुन्हा करण्याचा. पायऱ्या किती लागतील हे आधी माहीत नसल्याने येथे चर्च यांची संख्या उपयोगी पडत नाही. त्यासाठी स्वतःचीच नक्कल करणारे पद लागते. ट्यूरिंग यांनी १९३७ मध्येच असे एक पद दिले :

```
A = λx.λy.y (x x y)
Θ = A A
Θ F → F (Θ F)
```

F मध्ये यंत्राची एक पायरी व थांबण्याची कसोटी घातली की, गरजेनुसार Θ F ची नवी प्रत निघत राहते. यंत्र कधीच थांबत नसेल, तर पदालाही सामान्य रूप नसते. संक्षेपण अखंड चालू राहते. पद ज्या क्रमाने संक्षेपित करू त्यावर उत्तर अवलंबून राहील काय, ही शंका चर्च व रॉसर यांनी १९३६ मध्ये दूर केली : सामान्य रूप असेल, तर ते बद्ध चलांची नावे सोडून एकमेव असते. मात्र चुकीच्या क्रमाने गेल्यास ते कधीच हाती न लागण्याचा संभव असतो. नेहमी सर्वांत डावीकडील व बाहेरचे संक्षेपण प्रथम केल्यास ते निश्चित सापडते.

ट्यूरिंग यांच्या पृथक्करणाने गोडेल यांचे समाधान झाले आणि समतुल्यतेमुळे चर्च यांच्या व्याख्येलाही तो आधार लाभला. समतुल्यता सामर्थ्याची होती, श्रमाची नव्हे. चर्च पद्धतीने दहा लाख ही संख्या लिहिण्यास f दहा लाख वेळा लिहावा लागतो. द्विमान पद्धतीने फितीवर २० चौकटी पुरतात. शिवाय एका संक्षेपणात मोठ्या पदाच्या अनेक प्रती निघू शकतात. त्यामुळे त्यास एक पायरी मानावे की नाही, हा वाद दीर्घकाळ राहिला. वर सांगितलेल्या डाव्या क्रमाने केलेल्या संक्षेपणांची संख्या हे फितीच्या यंत्राच्या वेळेशी बहुपदी प्रमाणात जुळणारे माप आहे, असे बेनियामिनो अकात्तोली व उगो दाल लागो यांनी २०१४ मध्ये सिद्ध केले.