रुपयातला एक आणा

मागच्या शनिवारी गावी गेलो होतो. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या जवळ. आईने माळ्यावरची आबांची पत्र्याची पेटी साफ करायला काढली होती. आबा म्हणजे माझे आजोबा. लालबागच्या एका गिरणीत साचे चालवायचे, आता ते नाहीत. पेटीत जुन्या पावत्यांबरोबर प्रॉव्हिडंट फंडाची एक पिवळी पडलेली स्लिप निघाली. ती हातात घेऊन मी तासभर बसून राहिलो, कारण त्याच आठवड्यात मी स्वतःच्या पीएफमधले साडेपाच लाख काढायच्या बेतात होतो. मोशीला टू बीएचके बघितलाय, डाउन पेमेंटला पैसे कमी पडताहेत. नेहमीचीच गोष्ट!

तर आधी आबांचा पीएफ. आपल्या जुन्नर-आंबेगावची माणसं पोटासाठी मुंबईला जायची. कुणी गिरणीत, कुणी बाजारात हमालीला, कुणी जेवणाचे डबे पोचवायला. यातल्या गिरणीवाल्याचं नशीब एका बाबतीत चांगलं होतं. १९५२ साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला तेव्हा तो फक्त सहा उद्योगांना लागू झाला आणि त्यात कापड होतं. बाकीचे सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद आणि कागद. कापायचे किती, तर सव्वासहा टक्के. हा आकडा मला नेहमी विचित्र वाटायचा. मग डोक्यात प्रकाश पडला की रुपयाचे सोळा आणे, आणि सोळातला एक म्हणजे बरोबर सव्वासहा टक्के. रुपयामागे एक आणा कामगाराचा, एक आणा मालकाचा. पहिल्या वर्षी व्याज होतं ३ टक्के. आज १२ टक्के कापतात म्हणजे अजूनही दोन आण्यांना जरा कमीच.

डबेवाल्याला मात्र यातलं काही नव्हतं, कारण तो कुणाचा नोकरच नाही, मग मालकाचा आणा देणार कोण? हमालांचाही तोच प्रश्न होता. आज या व्यापाऱ्याची गोणी, उद्या त्याची. त्यावर उपाय निघाला १९६९ च्या माथाडी कायद्याने. माल ज्याचा त्याने मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि त्यातून मंडळ हमालाचा फंड, सुट्टी, बोनस बघणार. मालक रोज बदलला तरी खातं एकच. हे वाचताना मला आपला यूएएन आठवला. तो नंबर आपल्याला २०१४ मध्ये मिळाला. हमालांची सोय पंचेचाळीस वर्षं आधी झाली होती!

आबांनी १९५८ पासून आणा-आणा साठवला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दीडेक वर्ष वाट बघून आबा गावी आले, फंड काढला, त्यात विहीर खोदली आणि आत्याचं लग्न केलं. विहिरीला पाणी लागलं, कांदा व्हायला लागला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पगारच नव्हता, वय चव्वेचाळीस आणि पुढे काय ते दिसत नव्हतं. पण म्हातारपणी हातात काहीच उरलं नाही हेही खरं. १९७१ ची फॅमिली पेन्शन होती, ती कामगार नोकरीत असताना गेला तर घरच्यांना मिळायची. कामगाराला स्वतःला पेन्शन देणारी योजना आली नोव्हेंबर १९९५ मध्ये. आबांना ती तेरा वर्षं उशिरा झाली.

चुलत्याची गोष्ट वेगळी आहे. काका भोसरीत एका वर्कशॉपमध्ये होते. मार्च १९९० मध्ये नोकरी बदलली तेव्हा त्यांच्या खात्यात अठरा हजार होते. खातं बदलायला फॉर्म १३ भरायचा, त्यावर दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या आणि मग महिनोनमहिने वाट बघायची. पैसे काढायला फॉर्म १९. काकांनी १९ भरला आणि स्कूटर घेतली. आता मजा बघा. १९८९-९० पासून १९९९-२००० पर्यंत पीएफला सलग १२ टक्के व्याज होतं. ते अठरा हजार नुसते पडून राहिले असते तर मार्च २००० मध्ये जवळजवळ छप्पन्न हजार झाले असते. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "अरे बाबा, तेव्हा मला कुठं कुणी सांगितलं! आणि स्कूटर पंधरा वर्षं चालली की."

आता माझं. साडेपाच लाख पंचवीस वर्षं ८.२५ टक्क्यांनी (२०२३-२४ आणि २०२४-२५ चा दर) ठेवले तर साधारण चाळीस लाख होतात. एवढ्यावर हुरळून जाऊ नका. महागाई ६ टक्के धरली तर त्या चाळीस लाखांची किंमत आजच्या सव्वानऊ लाखांएवढी. म्हणजे खरी वाढ पावणेदोनपट, सातपट नाही. शिवाय दर दरवर्षी जाहीर होतो. २००० नंतर पाच वर्षांत तो १२ वरून ८.५ वर आला, २०२१-२२ मध्ये तर ८.१ होता. स्थिर म्हणायचं ते एवढ्याच अर्थाने की जमा झालेली रक्कम खाली येत नाही. माझ्या म्युच्युअल फंडांनी ती खात्री कधीच दिलेली नाही. म्हणून पाया पीएफचा ठेवायचा आणि शेअरबाजाराचा खेळ त्याच्या वर, असं माझं गणित आहे.

पाया किती जाड आहे ते मात्र प्रत्येकाने आपल्या स्लिपवर बघावं. माझा बेसिक ४०,०००. माझे ४,८०० आणि कंपनीचे ४,८०० असे सगळे ९,६०० पीएफमध्ये जातात. शेजारच्या टेबलावरच्या मित्राचा बेसिकही तेवढाच, पण त्याच्या कंपनी-हिश्श्यातले १,२५० पेन्शन योजनेत वळतात आणि पीएफला ३,५५० येतात. फरक का? सप्टेंबर २०१४ ला पगाराची मर्यादा १५,००० झाली. त्यानंतर पहिल्यांदा नोकरीला लागताना ज्याचा बेसिक आणि महागाई भत्ता त्याहून जास्त, तो पेन्शन योजनेत घेतलाच जात नाही. मित्र पहिल्या नोकरीत १४,००० वर लागला होता, म्हणून तो आत. काही कंपन्या तर १५,००० वरच १२ टक्के धरून १,८०० कापतात, मग बेसिक कितीही असो. ते कायद्यात बसतं, पण त्या १,८०० वर म्हातारपण निघणार नाही.

तिथे व्हीपीएफ कामाला येतं. आपला हिस्सा आपण वाढवायचा, व्याज तेच. कंपनी मात्र त्यावर एक पैसा जास्त घालत नाही. एप्रिल २०२१ पासून यात एक मेख आहे. आपला नेहमीचा हिस्सा आणि व्हीपीएफ मिळून वर्षाला अडीच लाखांच्या वर गेलं तर वरच्या रकमेचं व्याज करपात्र होतं, आणि ते दरवर्षी. महिन्याचा हिशोब २०,८३३ रुपये. कंपनीचा हिस्सा यात मोजत नाहीत. ८० सीची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही.

पैसे मी काढले नाहीत. मोशीचा फ्लॅट वन बीएचके झाला, बायको अजून धड बोलत नाहीये. आमच्या कंपनीत व्हीपीएफचा आकडा फक्त एप्रिलमध्ये बदलता येतो, म्हणून ५,२०० चा फॉर्म भरून ठेवलाय, म्हणजे माझे दहा हजार पुरे होतील. मागच्या कंपनीचं खातंही या खात्यात वळवलं. महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, तेव्हा २० तारखेच्या सुमारास पासबुक उघडून नोंद आली का ते बघतो. आबांची स्लिप आता माझ्या पासपोर्टच्या पाकिटात आहे. आईला ती परत हवी आहे.