स्वीट कॉर्न : कणसाची पारख आणि गोडीचा ऱ्हास

स्वीट कॉर्न म्हणजे दाणे दुधात असताना, कोवळे खाण्यासाठी लावलेला मका (शास्त्रीय नाव : झिया मेज). साध्या मक्याच्या दाण्यात साखरेचे पिष्ट म्हणजे स्टार्च झपाट्याने बनते. स्वीट कॉर्नमध्ये जनुकातील बदलामुळे ही क्रिया मंदावलेली असते आणि साखर अधिक काळ टिकते. पण मंदावणे म्हणजे थांबणे नव्हे. जुन्या जातींत तर तोडल्यापासून एका उन्हाळी दिवसात निम्म्याहून अधिक गोडी जाते. त्यामुळे या कणसाची पारख म्हणजे त्याचे वय आणि तोडल्यानंतरचे तास यांचा अंदाज बांधणे होय.

नाशिकच्या पंचवटीत ही गोष्ट नीट समजते. दिंडोरी रस्त्यावर बाजार समितीचे आवार आहे. गोदाघाटावर बुधवारचा आठवडे बाजार भरतो आणि पावसाळ्यात रामकुंडाच्या परिसरात कोळशावर कणसे भाजणारे बसतात. भाजीपाल्याचा लिलाव संध्याकाळी होतो. त्यामुळे सकाळी तोडलेले कणीस किरकोळ विक्रेत्याच्या पाटीत बहुधा दुसऱ्या दिवशी दिसते. मधल्या तासांत ते कुठे आणि किती उन्हात होते, हे भावावरून कळत नाही. ते कणसावरूनच वाचावे लागते.

वाचनाची सुरुवात केसांपासून करावी. कणसाच्या शेंड्यातून बाहेर येणारा प्रत्येक केस हा एकेका बीजांडाचा स्त्रीकेसर असतो. तुऱ्यातून पडलेला परागकण त्यावर रुजला तरच त्या जागी दाणा धरतो. तळाकडच्या दाण्यांचे केस आधी आणि शेंड्याकडचे शेवटी बाहेर येतात, म्हणून परागकण कमी पडले की शेंडा बोडका राहतो. शेंड्याचा इंच-दीड इंच रिकामा असणे हा चवीचा दोष नाही. गिऱ्हाईक त्यावरून उगाच घासाघीस करते. मधल्या भागात दाण्यांची वाण असेल तर मात्र फलन बिघडलेले असते.

फलन झाल्यावर केस वाळू लागतो. केस बाहेर पडल्यापासून साधारण 18 ते 24 दिवसांनी दाणे दुधात येतात; उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा. काढणीयोग्य कणसाचे केस बाहेरच्या टोकाला तपकिरी, कोरडे असतात. पाने जिथे सुरू होतात तिथे ते अजून फिकट आणि किंचित ओलसर असतात. सगळे केस हिरवट-पांढरे असतील तर दाणे पाणचट निघतात. केस मुळापर्यंत ठिसूळ होऊन चुरगळत असतील आणि पानेही पिवळसर पडली असतील तर वेळ टळलेली असते. काळपट, चिकट केस म्हणजे ओल धरून सडण्याची सुरुवात. केसांत भुशासारखी विष्ठा दिसली तर आत अळी आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा दाण्याची. विक्रेत्याची हरकत नसेल तर पानाची एक कड थोडी सारून मधल्या ओळीतला एक दाणा नखाने फोडावा. पाणी आले तर कणीस कोवळे. दुधासारखा चीक उडाला तर योग्य. कणकेसारखा घट्ट गर आला तर उशीर झालेला. या परीक्षेला एक मर्यादा आहे. हल्लीच्या अतिगोड जातींत पिष्ट कमी असल्याने योग्य वयातही चीक पातळ व फिकट निघतो, त्यामुळे चांगले कणीस कोवळे समजून परत ठेवले जाते. अशा वेळी दाण्याचा फुगीरपणा आणि चकाकी पाहावी. दाण्याच्या माथ्यावर खळगा पडला असेल तर त्यातले पाणी उडालेले आहे. पूर्ण सोललेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कणसे पाहायला सोपी असली, तरी त्यांच्या वयाचा पुरावा पानांबरोबर गेलेला असतो. म्हणून सपान कणीसच घ्यावे.

गोडी जाते कशी? पाने साखर तयार करतात आणि ती सुक्रोजच्या रूपात दाण्यात पोहोचते. दाणा म्हणजे उद्याचे बी. तो आलेली साखर साठवणीच्या रूपात, म्हणजे पिष्टात, बांधत राहतो. झाडावर असताना हे काम चालूच असते, पण पानांकडून नवी साखर येत असल्याने गोडी टिकते. कणीस तोडले की पुरवठा बंद होतो. विकरे (एन्झाइम्स) मात्र थांबत नाहीत. शिवाय दाणा श्वसन करतो, त्यातही साखर जळते. कणसाचे श्वसन इतके जोरात असते की ढिगात घातलेली कणसे आतून तापतात आणि वाढलेली उष्णता पुन्हा विकरांचा वेग वाढवते. गोणीच्या मध्यभागचे कणीस वरच्यापेक्षा बेचव निघते ते यामुळे.

तापमानाचा परिणाम एका उदाहरणाने पाहू. जुन्या, साध्या गोड जातीच्या कणसात तोडताना 100 भाग साखर आहे असे धरले, तर 30 अंश सेल्सिअसला एका दिवसात सुमारे 60 भाग जाऊ शकतात. 0 अंशाला फक्त 6 जातात. 10 अंशाला वेग 0 अंशाच्या चौपट असतो, म्हणजे सुमारे 24 भाग. पंचवटीत पावसाळ्याच्या दुपारीही पारा तिशीजवळ जातो, त्यामुळे असे कणीस सकाळी तोडून दुसऱ्या सकाळी घेतले तर निम्म्याहून कमी गोडी हाती येते. पहाटे तोडलेला माल दुपारी तोडलेल्यापेक्षा चांगला असतो, कारण तो थंड असतानाच प्रवासाला निघतो.

ही अडचण जनुकाने बरीच सोडवली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील जॉन लॉफनन यांनी 1953 मध्ये ‘श्रंकन-2’ या जनुकाचा उपयोग मांडला. त्यामुळे पिष्ट बनवण्याच्या साखळीतील एक महत्त्वाचे विकर निकामी होते. दाण्यात साखर जुन्या जातींच्या दुपटीहून अधिक साठते आणि ती पिष्टात बदलण्याचा वेग फार कमी राहतो. पण साय-साय लागणारा दाटपणा जुन्या जातींतच असतो. नव्या जातींचा दाणा कुरकुरीत व पाणीदार लागतो. निव्वळ गोडी म्हणजे चव नव्हे, असे मानणाऱ्यांची तक्रार इथे रास्त आहे.

नाशिक जिल्ह्यात मात्र या जनुकाला एक शत्रू आहे: शेजारचा साधा मका. येवला, मालेगाव, बागलाण भागांत खरिपात तो मोठ्या प्रमाणावर असतो. त्याचे परागकण स्वीट कॉर्नच्या केसावर पडले की त्यातील प्रभावी जनुक त्याच दाण्यात पिष्ट तयार करवते. एकाच कणसात काही दाणे गोड, काही पिठूळ असा प्रकार होतो, आणि त्यावर शेतातला कोणताही इलाज उरत नाही. म्हणून दोन्ही मक्यांत 200 ते 300 मीटर अंतर ठेवतात, किंवा पेरणी दोन-तीन आठवडे पुढेमागे करतात.

घरी आणल्यावर कणीस पानांसकट फ्रिजमध्ये ठेवावे. लांब दांडा व पानांचे लोंबते शेंडे मात्र छाटावेत, कारण ते दाण्यांतले पाणी ओढून घेतात. त्याच दिवशी खायचे नसेल तर उकडून ठेवणे अधिक चांगले: उष्णतेने विकरे निष्क्रिय होतात आणि पिष्ट बनणे थांबते. गोडी एकदा गेली की साखरेच्या पाण्यात उकळूनही दाणा पूर्ववत होत नाही. तसे कणीस कोळशावर भाजून तिखट, मीठ, लिंबू लावावे किंवा किसून वड्यांत घालावे. त्या कामाला घट्ट दाणाच बरा पडतो.