बहुरूप्याची बिदागी आणि उसना चेहरा

नांदगाव खंडेश्वरसारख्या वऱ्हाडातल्या गावी ज्यांचे बालपण गेले, त्यांना सुगीनंतर येणारा बहुरूपी आठवत असेल. खाकी गणवेश, हातात वेताची छडी, बगलेत कागदांची चळत. "वारंट आहे, चाला ठाण्यावर," असे तो ओसरीवरच्या म्हाताऱ्याला दरडावून सांगे. म्हातारा क्षणभर चपापे. मग वारंटातली कलमे यमके जुळवत पुढे सरकू लागत, गुन्हा म्हणून बायकोच्या हातची भाकर खाल्ल्याचा उल्लेख येई आणि ओसरी हसू लागे. शेवटी बहुरूपी हात पुढे करी तो बिदागीसाठी. सोंग तिथे उघडे होई, किंबहुना उघडे व्हावे म्हणूनच ते घेतलेले असे.

आज एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचा चेहरा दुसऱ्याच्या धडावर बसवणे, किंवा तिच्या ओठांत भलतेच शब्द घालणे, हे घरबसल्या करता येते. त्यातले विडंबन कोणते आणि फसवणूक कोणती, हा प्रश्न नवा वाटतो. पण त्या बहुरूप्याच्या गणवेशाने तो फार पूर्वीच उभा केला होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम १७१ लोकसेवकाचा वेश घालण्याविषयी होते. नुसता वेश घालणे हा त्यात गुन्हा नव्हता. पाहणाऱ्याने आपल्याला खरोखरीच तो अधिकारी समजावे असा हेतू हवा, किंवा तो तसे समजण्याचा संभव आहे याची जाणीव तरी हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २०५ म्हणून आली आहे. म्हणजे कायद्याची नजर वेशाइतकीच पाहणाऱ्याच्या समजुतीवरही आहे. नाटकातला फौजदार आणि रस्त्यावरचा तोतया फौजदार एकच टोपी घालतात. त्यांच्यातला फरक प्रेक्षकाच्या मनात असतो.

ही कसोटी हाती घेऊन अलीकडची दोन प्रकरणे पाहू. मे २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, पश्चिम बंगालमधील भाजपच्या युवा शाखेच्या एका कार्यकर्तीने फेसबुकवर एक चित्र टाकले. न्यूयॉर्कच्या मेट गाला सोहळ्यात प्रियांका चोप्रा जो विलक्षण पोशाख करून गेल्या होत्या, त्या छायाचित्रावर ममता बॅनर्जी यांचा चेहरा बसवलेला होता. १० मे रोजी तिला अटक झाली. १४ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या सुटकेचा आदेश दिला, मात्र सुटकेच्या वेळी तिने लेखी माफी मागावी असेही सांगितले.

आपली कसोटी इथे लावली तर उत्तर सरळ आहे. बंगालच्या मुख्यमंत्री त्या वेशात न्यूयॉर्कला गेल्या असे कोणाही वाचकाला वाटणे शक्य नव्हते. साधी सुती साडी आणि तो पोशाख यांतली विसंगती हाच त्यातला विनोद होता. 'झेंडूची फुले' वाचताना मूळ कवी ओळखू आला नाही तर विडंबन फसते. तसेच इथेही दोन्ही मूळ प्रतिमा ओळखू आल्या तरच चित्राला अर्थ होता. फसवणुकीत नेमके उलटे असते. तिथे जोड दिसला की डाव संपतो.

दुसरे प्रकरण जानेवारी २०२४ चे. सचिन तेंडुलकर एका ऑनलाइन खेळाच्या ॲपची शिफारस करीत आहेत, आपली मुलगी त्यातून पैसे कमावते असे सांगत आहेत, अशी चित्रफीत पसरली. चेहरा त्यांचा होता, शब्द त्यांचे नव्हते. तेंडुलकरांनी ती बनावट असल्याचे जाहीर केले आणि मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. इथे विसंगती कुठेच नव्हती. जाहिरातीत नेहमी दिसणारा चेहरा जाहिरातच करीत होता, आणि जोड लपवण्यावरच सारा खटाटोप उभा होता. अशा वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड उपयोगी पडते. संगणकीय साधनाने दुसऱ्याचे रूप घेऊन फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. पण फसवणूक सिद्ध करायची तर नुसता खोटेपणा पुरत नाही. त्या खोटेपणाच्या भरवशावर कोणाला तरी पैसे द्यायला, किंवा एरवी केले नसते असे नुकसानीचे काही करायला प्रवृत्त केले, हे दाखवावे लागते. बहुरूप्याला बिदागी मिळे ती सोंगाबद्दल. तोतयाला पैसे मिळतात ते सोंग खरे मानल्याबद्दल.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये गायक दलेर मेहंदी यांच्या रूपातल्या गाणाऱ्या बाहुल्यांच्या विक्रीला मनाई केली, तेव्हा ही विभागणी नोंदवून ठेवली. व्यक्तीची प्रतिमा परवानगीवाचून विकता येत नाही. पण व्यंगचित्र, टवाळी आणि विडंबन यांना त्या हक्काच्या नावाखाली दाबता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. हे महत्त्वाचे, कारण आपल्याकडे विडंबनाला स्वतंत्र संरक्षण देणारे कलम नाही. त्याचा आधार राज्यघटनेचा अनुच्छेद १९(१)(क) आणि असे निकाल एवढाच आहे.

येथवर सारे नीट जुळते. मात्र साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे थांबू नये, कारण ही कसोटी जिथे अपुरी पडली ते प्रकरण मराठी कवितेचेच आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात छापली गेली आणि खटला उभा राहिला. त्या कवितेतले बोल खरोखर गांधीजींचे आहेत असे मानणारा एकही वाचक नसेल. ते उघड सोंग होते. तरीही १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला तो फसवणुकीच्या नव्हे, अश्लीलतेच्या अंगाने. ऐतिहासिक, आदरणीय व्यक्तीच्या तोंडी शब्द घालताना समकालीन समाजमान्यतेची कसोटी अधिक कठोरपणे लागू होते, असे न्यायालयाने म्हटले. आधीच माफी छापलेल्या प्रकाशकावरील आरोप रद्द झाला. कवीला मात्र खटल्याला सामोरे जाणे भाग पडले. सोंग उघड असणे म्हणजे सुटका नव्हे, हा त्याचा अर्थ. एखाद्या स्त्रीचा चेहरा अश्लील दृश्यावर बसवणाऱ्यालाही खाली 'गंमत' असे लिहून सुटता येत नाही. तिथे कोणी फसले की नाही हा प्रश्नच गौण ठरतो, आणि ते योग्यच आहे. पण कवितेच्या बाबतीत त्याच न्यायाने आदराचे मोजमाप कोणी करायचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

आणखी एक अडचण बहुरूप्याला कधी आली नव्हती. त्याचे वारंट आणि त्याचा बिदागीचा हात एकाच ओसरीवर, एकाच माणसांसमोर येत. चित्रफितीचे तसे नसते. विडंबनकाराने कोपऱ्यात लिहिलेली सूचना पुढच्या माणसाने कापली, आधीचा हशा गाळला, तर तेच सोंग तिसऱ्या गावी पुरावा म्हणून पोहोचते. तेव्हा मूळ कर्त्याचा हेतू आणि कापून पुढे पाठवणाऱ्याचा हेतू वेगवेगळे तपासावे लागतात. निवडणुकीत तर त्यालाही वेळ नसतो. म्हणून ६ मे २०२४ रोजी निवडणूक आयोगाने पक्षांना बजावले की, बनावट चित्रफीत लक्षात आल्यापासून तीन तासांत ती काढून टाकावी.

तीन तासांत चित्रफीत हटेल. पण ती विनोद होती की बनाव, हे तेवढ्या वेळात कोण ठरवणार? ओसरीवरच्या म्हाताऱ्याला ते यमक ऐकून कळत असे.