वृद्धापकाळातील किमान निवृत्तिवेतन (भंडारा जिल्हा)

भंडारा जिल्ह्यात विडी वळणाऱ्या किंवा शेतमजुरी करणाऱ्या वृद्धांना किमान निवृत्तिवेतन दोन मार्गांनी मिळू शकते. एक मार्ग नोकरीत भरलेल्या वर्गणीवर, तर दुसरा केवळ गरजेवर आधारलेला आहे.

== वर्गणीवर आधारित हमी ==
कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अन्वये पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा आवश्यक असते. मासिक पेन्शनपात्र वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले असता पेन्शनची रक्कम निघते. उदाहरणार्थ, ३,००० रुपये वेतन व १८ वर्षे सेवा असल्यास ही रक्कम सुमारे ७७१ रुपये होते. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० रुपयांची हमी असल्याने उरलेले २२९ रुपये केंद्र सरकार देते. सट्टेदारामार्फत घरी विड्या वळणाऱ्या कामगाराची नोंद कारखान्याच्या दप्तरी झालेली नसेल, तर त्याची सेवा सिद्ध होत नाही आणि ही हमीही लागू होत नाही.

== गरजेवर आधारित साहाय्य ==
वर्गणी न भरलेल्यांसाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. अर्जदाराचे वय किमान ६५ वर्षे आणि महाराष्ट्रातील वास्तव्य किमान १५ वर्षे असावे लागते. तसेच कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे किंवा वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. २०१९ मध्ये मासिक साहाय्य ६०० वरून १,००० रुपये आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. यादीत नाव असलेल्यांना या रकमेचा काही भाग इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतून मिळतो. हा केंद्रीय वाटा ८० वर्षांखालील व्यक्तीसाठी २०० रुपये, तर त्यापुढील वयासाठी ५०० रुपये असतो.

== दोन योजनांमधील विसंगती ==
समजा, विडी कामगार असलेल्या वृद्ध पती-पत्नीपैकी प्रत्येकास १,००० रुपये किमान पेन्शन मिळते आणि त्यांचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत नाही. त्यांचे वार्षिक उत्पन्न २४,००० रुपये भरते. ते उत्पन्नमर्यादेपेक्षा ३,००० रुपयांनी अधिक असल्यामुळे श्रावणबाळ योजनेचे दार त्यांना बंद होते. याउलट, वर्गणी न भरलेल्या आणि अन्य उत्पन्न नसलेल्या पात्र दांपत्याला वर्षाला एकूण ३६,००० रुपये मिळू शकतात. म्हणजेच अनेक वर्षे वर्गणी भरणाऱ्या दांपत्याच्या हाती वर्षाला १२,००० रुपये कमी पडतात.

दोन्ही योजनांच्या रकमा महागाईनुसार आपोआप वाढत नाहीत. प्रत्येक वाढीसाठी स्वतंत्र शासकीय निर्णय व्हावा लागतो. किमान पेन्शनची हमी २०१४ मध्ये, तर २१,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा साहाय्य ६०० रुपये असतानाच ठरली होती. श्रावणबाळ योजनेची रक्कम मात्र पुढे वाढत गेल्याने ही विसंगती निर्माण झाली.