वेतनपत्रकाचे पृथक्करण आणि रिकाम्या वेळेची किंमत

कारखान्याच्या वेतनपत्रकाकडे लेखापाल दोन प्रश्न घेऊन पाहतो. वेतनाची रक्कम कोणाला देणे आहे, हा पहिला. ती कोणत्या कामावर खर्च झाली, हा दुसरा. कपातींचा संबंध केवळ पहिल्या प्रश्नाशी असतो. दुसऱ्याचे उत्तर नेहमी एकूण वेतनावरूनच काढावे लागते. लहान कारखान्यांत मात्र कामगाराच्या हाती पडलेली रक्कम हीच मजुरी समजली जाते आणि उत्पादनखर्च तेथेच कमी दिसू लागतो.

उदाहरणादाखल पत्र्याचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना घेऊ. वीस पुरुष कामगार, महिन्याचे २५ दिवस, रोज आठ तास. म्हणजे एकूण ४,००० तास. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून प्रत्येकी १५,००० रुपये धरल्यास तासाचा दर ७५ रुपये आणि एकूण वेतन ३,००,००० रुपये होते.

यांपैकी १४ जण प्रेसवर काम करतात, तर उरलेले सहा जण टूलरूम, भांडार व साफसफाई सांभाळतात. या सहा जणांचे १,२०० तास सरळसरळ अप्रत्यक्ष श्रमात जातात. खरी कसोटी लागते ती १४ जणांच्या २,८०० तासांची, कारण प्रेसवरचा माणूस सर्व वेळ प्रेस चालवत नसतो. फाटकावरील हजेरीत २,८०० तास दिसतात, जॉब कार्डांची बेरीज मात्र २,३२० भरते. मधल्या ४८० तासांपैकी ८० तास यंत्रांच्या देखभालीत गेले. ते अप्रत्यक्ष श्रमात मिळवायचे. साचा बदलणे, पत्र्याची वाट पाहणे यांत १६० तास गेले, म्हणजे माणशी रोज सुमारे २७ मिनिटे. हा रिकामा वेळ टाळता न येणारा, म्हणून सामान्य होय. उरलेले २४० तास ट्रान्सफॉर्मर जळाल्यामुळे दहा जण तीन दिवस बसून राहिले त्याचे. हा असामान्य रिकामा वेळ होय.

अशा रीतीने प्रत्यक्ष श्रम १,७४,००० रुपये, अप्रत्यक्ष ९६,००० रुपये, सामान्य रिकामा वेळ १२,००० रुपये आणि असामान्य १८,००० रुपये अशी विभागणी होते. बेरीज पुन्हा ३,००,००० येते. ती न आल्यास तास कोठेतरी हरवले आहेत असे समजावे.

रोजकीर्दीत प्रथम वेतन नियंत्रण खाते ३,००,००० रुपयांनी नावे पडते. जमा बाजूस भविष्य निर्वाह निधी १२ टक्क्यांप्रमाणे ३६,०००, राज्य कामगार विमा ०.७५ टक्क्यांप्रमाणे २,२६० (माणशी ११२.५० रुपये येतात, ते पुढील पूर्ण रुपयात ११३ होतात), महाराष्ट्रातील व्यवसाय कर माणशी २०० प्रमाणे ४,००० आणि उचलीची वसुली ७,७४० रुपये येते. उरलेले २,५०,००० रुपये देय वेतन. फेब्रुवारीत व्यवसाय कर माणशी ३०० रुपये होतो. पहिल्या तीन रकमा कारखान्याने केवळ कामगारांच्या वतीने धरून ठेवलेल्या असतात. उचल मात्र नवे देणे नव्हे, पूर्वीचे येणे फेडले जाते, म्हणून ती कामगार उचल खात्यावरच जमा करावी.

दुसऱ्या नोंदीने वेतन नियंत्रण खाते रिकामे होते. अपूर्ण काम खाते १,७४,००० रुपयांनी, कारखाना उपरिव्यय खाते अप्रत्यक्ष श्रम व सामान्य रिकामा वेळ मिळून १,०८,००० रुपयांनी आणि परिव्यय नफा-तोटा खाते १८,००० रुपयांनी नावे पडते. असामान्य व मोजता येण्याजोगा मोठा खर्च कर्मचारी-खर्चात धरू नये, असे भारतीय परिव्यय लेखापाल संस्थेचे सातवे परिव्यय लेखा मानकही सांगते. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरची किंमत ग्राहकाच्या मागणीवर चढवणे योग्य नव्हे.

ती चढते कशी, हे पाहण्यासारखे आहे. या महिन्यात ४,६४० भाग तयार झाले असल्यास एका भागामागे प्रत्यक्ष मजुरी ३७.५० रुपये पडते. रिकामे ४०० तासही जॉब कार्डांवर लिहिले गेले तर तीच सुमारे ४४ रुपये दिसते, आणि त्या आधारे भरलेली निविदा हातची जाते. रिकामा वेळ लिहिल्यास बोल लागेल या भीतीने कामगार व फोरमन तो कोणत्यातरी कामावर टाकतात. त्याची खूण सोपी आहे: हजेरीचे तास आणि जॉब कार्डांचे तास महिनोन्‌महिने तंतोतंत जुळत असतील, तर कार्डे दिवसअखेरीस अंदाजाने भरली जात आहेत.

मालकाचा वाटा वेतनपत्रकात दिसत नसल्याने तो पुष्कळदा विसरला जातो. येथे निधीचे ३६,००० आणि विम्याचे ३.२५ टक्क्यांप्रमाणे ९,७५० मिळून ४५,७५० रुपये होतात. निधीचे प्रशासकीय आकार निराळे. ही रक्कम कामगारांकडून कापलेली नसल्याने तिची स्वतंत्र नोंद करावी लागते: कारखाना उपरिव्यय नावे, दोन्ही देय खाती जमा. कटाक्षाने चालणारे कारखाने ती वेतनाच्याच प्रमाणात वाटतात. तसे केल्यास असामान्य रिकाम्या वेळेच्या वाट्याला आणखी २,७४५ रुपये येतात. कामगारांचा व मालकाचा, दोन्ही वाटे पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावयाचे असतात.