डोळ्यातला थेंब

दरवर्षी गवत फुलले की शिंका आणि डोळ्यांची खाज यांनी बेजार होणाऱ्यांना त्याच गवताचा पराग टोचायचा, हा उपाय लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलातील लेनर्ड नून यांनी १९११ साली प्रसिद्ध केला. परागाच्या अर्काचा पातळ थेंब ते आधी रुग्णाच्या डोळ्यात टाकत आणि कितव्या तीव्रतेला डोळा लाल होतो ते पाहत. मग हंगामापूर्वी अगदी थोड्या मात्रेने टोचणे सुरू करून ती वाढवत नेत. पुढे डोळा लाल व्हायला अधिक तीव्र थेंब लागला, की सोसण्याची ताकद वाढली असे समजायचे. मात्रा घाईने वाढवली तर मात्र ती ताकद उलट घटते, हेही त्यांनी नोंदवले. परागात विष असते ही त्यांची समजूत चुकीची होती, पद्धत मात्र टिकली. नून १९१३ साली क्षयाने गेले. काम जॉन फ्रीमन यांनी चालवले.

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांना ब्रिटिश मुलांच्या नोंदींत दिसले, की थोरली भावंडे जितकी जास्त, तितका हा त्रास कमी. लहानपणी भावंडांकडून होणारे संसर्ग हे त्याचे कारण असावे, असा त्यांचा तर्क होता. भरल्या घरांत वाढलेल्या आम्हांला हे वाचून बरे वाटते खरे. पण एकदा जडलेली ॲलर्जी धुळीत खेळून जात नाही. तिथे नूनसारखी मोजून दिलेली मात्राच लागते, तीही आता साधारण तीन वर्षे, डॉक्टरांच्या नजरेखाली.