अंगठ्यातला ठणका आणि त्याची नावं

आमचे आप्पा तुळजापूर तालुक्यातल्या एका कंदुरीला गेले होते. दिवसभर उन्हात उभे राहिले, दोन वेळा मटण झालं, रात्री भाच्यांनी बाटली काढली, आणि पाणी मात्र फारसं पोटात गेलं नाही. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास ते ओरडत उठले. उजव्या पायाच्या अंगठ्याचं मूळ टरारून फुगलेलं, तांबडंलाल, हात लावावा तर तव्यासारखं गरम. घरातल्या सगळ्यांचं निदान एकच झालं: पाय मुरगळलाय. सकाळी चोळणाऱ्या बाईला बोलावलं. तिनं तेलाचं बोट टेकवताच आप्पांनी अशी किंकाळी फोडली, की बाई वाटी घेऊन मागे सरकली.

चूक तिची नव्हती. आपल्याकडे या दुखण्याला स्वतंत्र घरगुती नावच नाही. धाराशिवच्या गावांत सांध्याचं दुखणं म्हणजे ‘वात’, आणि पाय अचानक सुजला तर ‘मुरगळला’. या दोन नावांच्या मधल्या फटीत गाउट वर्षानुवर्षं लपून बसतो.

जुन्यांनी नावं दिली होती, तीही एकाहून अधिक. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्तावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात या रोगाला ‘खुड’, ‘वातबलास’ आणि ‘आढ्यवात’ अशी नावं येतात. आढ्य म्हणजे धनवान, म्हणजे हा श्रीमंतांचा वात. बसून राहणारी नाजूक माणसं, जड खाणं, मद्य, घोड्या-उंटांवरची स्वारी अशी कारणं तिथे आहेत. रोग पायांतून सुरू होतो आणि उंदराच्या विषासारखा अंगभर पसरतो, अशी उपमाही जुन्या ग्रंथांत आहे. वातरक्त म्हणजे हुबेहूब गाउट, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या नावाखाली इतरही दुखणी येत असावीत. तरी अंगठ्याचा हा ठणका त्यातच बसतो, हे वाचताना जाणवतं. कारणांच्या त्या यादीत मार लागणं, म्हणजे अभिघात, हेही आहे. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्या जिल्ह्याला दुसरी एक वंशावळही आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि त्या राज्यात हकिमी वैद्यकाला राजाश्रय होता. हकीम याला ‘निक्रिस’ म्हणत आणि औषध म्हणून सुरंजानचा कंद देत. या कंदात कोल्चिसिन असतं. 1820 साली फ्रान्समधल्या पेल्टिए आणि काव्हाँतू यांनी ते वेगळं काढलं, आणि आजही गाउटच्या झटक्यात डॉक्टर त्याचीच गोळी देतात. पावसाळ्यात रानात लाल-पिवळी फुलणारी आपली कळलावी हिच्यातही तेच द्रव्य आहे. पण ‘गावठी उपाय’ म्हणून कळलावीचा कंद उगाळून घेणं म्हणजे विष घेणं. औषध आणि मरण यांच्यातलं अंतर तिच्यात फार थोडं असतं.

युरोपात ‘गाउट’ हे नाव थेंबावरून पडलं. लॅटिनमध्ये थेंबाला गुट्टा म्हणतात. शरीरातला बिघडलेला रस थेंबाथेंबाने सांध्यात गळतो, अशी समजूत होती. ग्रीकांचं पोडाग्रा त्याहून बोलकं आहे: पायाला लागलेला सापळा. 1683 साली थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने झटक्याचं वर्णन लिहिलं. माणूस धडधाकट झोपतो, रात्री दोनच्या सुमारास अंगठ्याच्या दुखण्याने जागा होतो आणि पांघरुणाचं वजनसुद्धा त्याला सोसत नाही. हे त्याला पुस्तकातून कळलं नव्हतं, तो स्वतःच या रोगाने बेजार होता. आप्पांनी सिडनहॅमचं नाव ऐकलेलं नाही, पण त्या रात्री त्यांनीही पायावरची चादर लाथेने भिरकावली होती.

थेंबात काय आहे, ते कळायला आणखी बराच काळ गेला. 1854 साली आल्फ्रेड गॅरडने काचेच्या बशीत रुग्णाच्या रक्ताचा पाणीदार भाग घेतला, त्यात थोडं व्हिनेगरचं आम्ल टाकलं आणि एक साधा दोरा बुडवून ठेवला. दोऱ्यावर युरिक ॲसिडचे खडे धरले. पाकातल्या दोऱ्यावर खडीसाखर धरते, तसंच हे. रक्तात ते जास्त झालं आहे, याचा हा पुरावा होता. सांध्यातल्या पाण्यात तेच सुईसारखे स्फटिक दिसतात, हे 1961 साली मॅकार्टी आणि हॉलँडर यांनी खास प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून दाखवलं.

मग अंगठाच का, आणि रात्रीच का? अंगाच्या 37 अंश उष्णतेला, दर 100 मिलिलिटर रक्तात साधारण 6.8 मिलिग्रॅमपर्यंत हे द्रव्य विरघळलेलं राहतं. थंडाव्यात ती मर्यादा खाली येते, आणि पायाचं टोक हा शरीराचा गार भाग. शिवाय दिवसभर भार सोसलेल्या सांध्यात साठलेलं पाणी आडवं पडल्यावर ओसरतं आणि मागे राहिलेलं द्रव्य घट्ट होतं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. खडे सुटले की पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. ती सूज, तो दाह म्हणजे ही लढाई.

मुरगळण्यात असं काही नसतं. तिथे सांधा बांधून ठेवणारे तंतू ताणले जातात किंवा फाटतात, आणि तो क्षण माणसाला आठवतो: पायरी चुकली, बांधावरून पाय घसरला. दुखणं तिथल्या तिथे सुरू होतं, पुढे काळं-निळं पडतं, विशिष्ट बाजूला वळवलं की कळ येते आणि पाय टेकवून स्वस्थ बसलं की बरंच हलकं वाटतं. शिवाय मुरगळतो तो बहुतेकदा घोटा. गाउट झोपेतून उठवतो, बारा ते चोवीस तासांत कळसाला पोहोचतो, आणि स्वस्थ पडल्यानेही थांबत नाही. त्याची कातडी लाल, ताणून चकचकीत होते आणि सूज उतरताना तिचे पापुद्रे निघतात. औषध न घेताही एक-दोन आठवड्यांत तो बहुधा ओसरतो. त्यामुळेच चोळणाऱ्याला यश मिळाल्यासारखं वाटतं.

डॉक्टरांनी आप्पांना आधी तिसरंच विचारलं. “काका, ताप आहे का? पायाला जखम? साखर?” कारण सांध्यात पू झाला तरी तो असाच लाल आणि गरम होतो, आणि तिथे दिवसभर थांबणंही महागात पडतं. शंका असेल तर सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासावं लागतं. आप्पांना ताप नव्हता. मात्र रक्तदाबासाठी ते लघवी वाढवणारी गोळी घेत होते. तीही युरिक ॲसिड वाढवते. तपासणीत आकडा आला 6.4. घरच्यांना वाटलं, म्हणजे हे नाहीच. डॉक्टर म्हणाले, झटक्याच्या दिवशी हा आकडा फसवा असतो, खाली आलेला दिसू शकतो. दोन आठवड्यांनी परत बघू. तेव्हा तो 8.9 निघाला.

पुढचं काम सरळ होतं: बर्फाची पिशवी, कोल्चिसिनच्या कमी मात्रेच्या गोळ्या, रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनीच बदलून दिली, आणि सूज ओसरल्यावर अॅलोप्युरिनॉल, अगदी थोड्या मात्रेपासून, आकडा 6 च्या खाली येईपर्यंत. हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटका परत येऊ शकतो. साठलेले खडे विरघळू लागतात, म्हणून. आप्पांनाही आला. औषध बाधलं म्हणून ते गोळी बंद करायला निघाले होते.

एक गोष्ट मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. कंदुरीच्या दुपारी मांडवाच्या खुंट्याला त्यांना ठेच लागली होती, त्याच अंगठ्याला. “म्हणजे मुरगळलंच की,” ते म्हणाले. डॉक्टरही नाही म्हणाले नाहीत. ज्याच्या सांध्यात आधीच खडे दडलेले असतात, त्याला एवढा मार झटका आणायला पुरतो. चरकाच्या यादीतला अभिघात तो हाच.

गावात ते अजून पाय मुरगळला होता असंच सांगतात. गाउट म्हटलं की भाचे मटणाचा हिशेब काढतात.